सगळे जमल्याशिवाय नाही

खुर्चीला कापड ठोकताना चुका, म्हणजे बारीक खिळे, ओठांत धरायच्या ही गादीकाम करणाऱ्यांची जुनी खोड. हात मोकळे राहतात, पण नेमका त्याच वेळी काकांचा फोन आला तर तोंडून नुसतं "हं" निघतं आणि काकांना वाटतं, चला, पोरीला पटलं.

"तर मग ठरलं," काका म्हणाले. "बोटीवरचा उतरला की एक दिवस ठरवू आणि सगळ्यांना एकदम देऊन टाकू."

तिने चुका तळहातावर काढल्या. "काही ठरलं नाही, काका! महिनाअखेरीला माझी जागा जाते आहे!"

पण काकांनी फोन ठेवला होता. स्वतःचं बोलून झालं की फोन ठेवायचा, ही त्यांची रीत. भिंतीशी बोललेलं बरं, भिंत निदान ऐकून तरी घेते.

तिला घरात सगळे सुई म्हणत. नाव थोरल्या आत्याने ठेवलेलं, बोटांवरून की जिभेवरून ते आत्यालाच ठाऊक. ती आत्या जाऊन पावणेदोन वर्षं झाली. आत्याने लग्न केलं नव्हतं, पैसा जपून वापरला होता आणि मरण्याआधी नीट मृत्युपत्र केलं होतं. पाच भाचरांना ठरलेली एकेक रक्कम, आणि उरेल ते सगळं धाकट्या बहिणीला, कारण धाकटी आत्या वृद्धाश्रमात राहायची आणि तिथला खर्च काही हवेवर चालत नाही. हे सगळं पार पाडायला नेमलं कोणाला, तर भावाला. काकांना. म्हाताऱ्या माणसांकडून एवढी एक चूक व्हायचीच.

काका चोर नव्हते, हे आधीच सांगितलेलं बरं. चोर असते तर सोपं गेलं असतं. काका सज्जन होते, टापटिपीचे होते, आणि त्यांच्या डोक्यात एक गोष्ट शिरली की ती बाहेर काढायला कोणाची टाप नव्हती. आत्या हयात असताना सगळे आल्याशिवाय ताटावर बसायची नाही. कोणी उशीर केला तर अन्न गार होऊ दे, पण ती वाट बघणार. झालं! आत्याचा पैसासुद्धा सगळ्यांनी एकदम बसूनच घ्यायचा, असं काकांनी ठरवून टाकलं. पाच भाचरं, एक टेबल, पाच धनादेश, शिवाय एक फोटो. तिघं कधीही यायला तयार होती. चौथा शाळेत मास्तर. पाचवा मालवाहू जहाजावर नोकरीला. तो किनाऱ्याला लागायचा तेव्हा मास्तराच्या शाळेत परीक्षा असायच्या, आणि मास्तर मोकळा झाला की बोटीवरचा पुन्हा समुद्रात. आत्याचं घर विकून झालं होतं, दवाखान्याचं बिल भागलं होतं, कर भरून झाला होता. पैसा बँकेत चालू खात्यात पडून होता, आणि चालू खात्यावर बँक दमडीसुद्धा देत नाही.

आणि इकडे सुईच्या पायाखालची जमीन सरकत होती. तिची कार्यशाळा म्हणजे एका बोळातली लांबट खोली, वर पत्रा, मागे कापडाचे तागे, पुढे फोमचे थर आणि मधे बिनहातांच्या, बिनपायांच्या खुर्च्या. बारा वर्षं ती तिथे भाड्याने होती. म्हातारा मालक म्हणाला होता, "मी विकतोय. पण आधी तुला विचारतो. निम्मे तू साठवलेस म्हणतेस, उरलेले महिनाअखेरीपर्यंत आण. नाहीतर शेजारचा टायरवाला रोख घेऊन उभा आहे." उरलेली निम्मी रक्कम म्हणजे जवळजवळ तंतोतंत आत्याने ठेवलेली रक्कम. ही जागा घ्यायचं सुईच्या मनात जुनंच होतं, आणि आत्याला ते माहीत होतं. म्हणूनच तिने तेवढी ठेवली होती. बँकेने कर्जाला नकार दिला होता, आणि सावकाराचा दर ऐकूनच सुईला घाम फुटला होता.

तिने चुका डबीत टाकल्या, हात पुसले आणि वकिलाकडे गेली.

हा वकील तिचं जुनं गिऱ्हाईक. त्याच्या बसायच्या खुर्चीची स्प्रिंग तिनेच दोनदा बदलली होती, आणि दुसऱ्या वेळचे पैसे अजून यायचे होते, त्यामुळे तो तिला बघून जरा दचकला.

"खुर्चीच्या पैशांसाठी नाही आलेय," सुई म्हणाली. "काकांसाठी आलेय."

त्याने मृत्युपत्राची नक्कल आणि कोर्टाचं प्रोबेट, म्हणजे काकांना काम करायला मिळालेली मंजुरी, दोन्ही वाचलं. मग चष्मा कपाळावर चढवला.

"एक्झिक्युटरला, म्हणजे मृत्युपत्र पार पाडणाऱ्याला, वर्षभराची मुभा असते," तो म्हणाला. "देणी शोधायची, मालमत्ता गोळा करायची, कर भरायचा. त्या वर्षात कोणी त्याच्या मागे लागू शकत नाही. पण वर्ष मोजायचं मृत्यूच्या दिवसापासून. प्रोबेट मिळाल्यापासून नाही आणि बोट किनाऱ्याला लागल्यापासून तर नाहीच. वर्ष संपलं की तुमच्या रकमेवर व्याज सुरू. मृत्युपत्रात वेगळी तारीख घातलेली असती तर गोष्ट निराळी, पण इथे तसं काही नाही."

"मला व्याज नको हो! मला मुद्दल द्या, महिनाअखेरीच्या आत!"

"ते मला कळलं. पण व्याज हेच आपल्याकडचं टोचणं आहे. नोटीस पाठवतो. माणूस टोचल्याशिवाय हलत नाही."

"आणि व्याज द्यायचं कुणी?"

"साधारणपणे उरलेल्या मालमत्तेतून जातं."

सुई खुर्चीतून उठलीच. "म्हणजे धाकटीच्या वाट्यातून? अहो, ती म्हातारी बाई! मग नकोच ते!"

"बसा, बसा. साधारणपणे म्हटलं मी. एक्झिक्युटरने सबळ कारण नसताना उशीर केला असेल तर कोर्ट ते त्याच्या स्वतःच्या खिशातून भरायला लावू शकतं. कुणाचं कर्ज निघालं, मृत्युपत्रावर वाद झाला, घर विकलं जाईना, ही कारणं चालतात. 'सगळे एका टेबलाशी बसले नाहीत' हे कारण मी इतक्या वर्षांत ऐकलेलं नाही."

नोटीस गेली. बाकीच्या चौघा भाचरांना तिच्या प्रती गेल्या. तिसऱ्या दिवशी काका कार्यशाळेच्या दारात हजर! इतकी वर्षं त्यांनी या बोळात पाऊल ठेवलं नव्हतं. आता फोमच्या ढिगाजवळ उभे राहून ते नोटीस हलवत होते.

"व्याज? घरच्या माणसाकडून व्याज? अगं, लाज वाटली नाही तुला?"

"काका, बसा तरी."

"कशावर बसू? सगळ्यांची बुडं काढून ठेवली आहेस!" हे खरं होतं. ते उभेच राहिले. "आणि मास्तरानेही पत्र धाडलं. म्हणे त्यालाही व्याज पाहिजे. तू सुरू केलंस, आता सगळे मागणार. कुणाच्या ताटातलं जाणार आहे ते, ठाऊक आहे? धाकटीच्या!"

सुईने हातातली कात्री खाली ठेवली. "मग द्या ना पैसे आजच. जितके दिवस जातील तितकं वाढतंय."

तेव्हा काकांनी खिशातून घडी केलेला कागद काढला. त्यांचा आवाज एकदम मऊ झाला. "हे बघ. यावर सही कर. उद्या सकाळी पैसे तुझ्या खात्यात."

सुईने त्यांच्याकडे बघितलं. मग कागदाकडे. मग पुन्हा त्यांच्याकडे.

"उद्या? म्हणजे बोटीवरचा नसला तरी चालतं?"

"अडचणीत आहेस म्हणून अपवाद करतोय."

"पावणेदोन वर्षं मी तुमच्या हातापाया पडतेय! तेव्हा हा अपवाद कुठे लपून बसला होता?"

काकांनी कागद कापडाच्या ताग्यावर ठेवला, वरून कात्री ठेवली, म्हणजे उडू नये, आणि गेले. अशा बाबतीत माणूस फार व्यवस्थित.

कागदावर चारच ओळी होत्या. उशीर सबळ कारणाने झाला, तो मला मान्य होता, मी व्याज सोडते आणि माझी कसलीही तक्रार नाही. सुईने तो तीनदा वाचला. महिनाअखेरीला सहा दिवस होते. व्याज सोडायला तिची ना नव्हती. गेलं खड्ड्यात ते व्याज! सही करावी आणि मोकळं व्हावं. तिने पेन शोधलं, तेवढ्यात बोटीवरच्याचा फोन आला. कुठल्याशा बंदरातून बोलत होता आणि मागे यंत्रांचा खडखडाट चालला होता.

"ताई, ही नोटीस कसली? मी तर काकांना पहिल्या महिन्यातच सांगितलं होतं, माझे खात्यात टाका, माझ्यासाठी कुणाला थांबवू नका. तीनदा सांगितलं. ते म्हणाले, 'तू काळजी करू नको, आम्ही थांबतो.'"

सुईने पेन खाली ठेवलं आणि धाकट्या आत्याला भेटायला निघाली. सही करण्याआधी तिला विचारावं, एवढंच मनात होतं.

वृद्धाश्रमात धाकटी आत्या तिच्या खोलीत नव्हती. दारावर दुसऱ्याच कुणाचं नाव. परिचारिकेने तिला मागच्या बाजूला नेलं. तिथे एका खोलीत चार खाटा, एकच खिडकी आणि ती खिडकी स्वयंपाकघराच्या भिंतीला तोंड करून. आत्या कोपऱ्यातल्या खाटेवर बसली होती. शेजारची बाई झोपेत मोठमोठ्याने बडबडत होती.

"ये गं," आत्या म्हणाली. "खुर्ची नाही, खाटेवरच बस."

"तुझी खोली काय झाली?"

"ती परवडत नाही म्हणाले. सहा महिन्यांचे पैसे थकले. भाऊ म्हणाला, थोरलीची रक्कम अजून मोकळी होत नाही. भाचरांचं आधी द्यायचं, मग उरलेलं मला." ती थांबली, पदराचा काठ चाचपत राहिली. "म्हणाला, सुई अडून बसलीये. आधी माझेच द्या म्हणते, म्हणून सगळं अडकलंय."

"मी?" सुई ओरडलीच. झोपलेली बाई बडबडायची थांबली. "आत्या, नोटीस जाऊन आठवडा झाला नाही! तुला इथे आणून किती दिवस झाले?"

"चार महिने."

चार महिने ही बाई इथे भिंतीकडे बघत बसली होती, आपल्या भाचीच्या हावेपायी आपली खोली गेली असं मानत होती, आणि तरी "ये गं" म्हणाली होती. रागाने सुईच्या डोळ्यांत पाणी आलं. तिला रडायचं नव्हतं. तिला काहीतरी फोडायचं होतं.

तिने आत्याला नोटिशीचं, मास्तराच्या व्याजाचं आणि काकांच्या कागदाचं सगळं सांगितलं. "कागद दाखव," आत्या म्हणाली. तिने तो डोळ्यांच्या अगदी जवळ धरून वाचला. "सबळ कारणाने. कुठलं कारण?"

"सगळे जमले नाहीत म्हणून."

"आणि ही ओळ तुझ्या सहीने? मग मास्तराचं आणि बाकीच्यांचं व्याज कुणी द्यायचं?"

सुईने तिथूनच वकिलाला फोन लावला.

"म्हातारीचं डोकं तुमच्यापेक्षा चांगलं चालतं," वकील म्हणाला. "बाकीच्या चौघांनी व्याज मागितलं की काका कोर्टात तुमचाच कागद पुढे करणार. बघा, नोटीस देणारी भाचीच म्हणते उशीर रास्त होता. मग ते सगळं व्याज धाकटीच्या वाट्यातून जाईल. काकांच्या खिशाला झळ नाही."

"आणि सही केली नाही तर? महिनाअखेरीला पैसे मिळतील?"

"अर्ज करू. पण हुकूम यायला दोन-तीन महिने लागतील. महिनाअखेर हातची जाते, हे मी तुमच्यापासून लपवत नाही."

सुईने फोन ठेवला. आत्या तिच्याकडे एकटक बघत होती. "महिनाअखेरीला काय आहे?"

"काही नाही गं," सुई म्हणाली. "एका गिऱ्हाइकाचं काम."

परतताना ती मालकाकडे गेली. दोन महिने थांबा म्हणाली, हात जोडले. म्हाताऱ्याला वाईट वाटलं, अगदी खरंखुरं वाईट वाटलं. पण त्याच्या मुलाचा जीव टायरवाल्याच्या रोकड्यात अडकला होता. मग तिने काकांना फोन केला. "काका, सही नाही करणार. पैसे द्या. ते माझेच आहेत, त्यांना अट कसली घालता?" काका म्हणाले, "हट्टी आहेस. थोरलीवरच गेली आहेस." आणि फोन ठेवला.

महिनाअखेर आली आणि गेली. टायरवाल्याने आधी आतल्या फळ्या काढल्या आणि मग दारावरची तिची पाटी. सुईने तागे, फोम, शिवणयंत्र एका गोदामाच्या मागच्या खोलीत नेलं. तिथलं भाडं दीडपट, आणि दुपारनंतर उजेड मेलाच. जुनी गिऱ्हाइकं बोळात जाऊन टायर बघून परत फिरली. रोज संध्याकाळी हातपाय धुताना ती स्वतःला शिव्या घालायची. एक सही! एक सही केली असतीस, मूर्खे, तर आज मालकीण असतीस.

सुनावणीला काका इस्त्रीचा शर्ट घालून आले. न्यायाधीशबाईंनी फार वेळ घेतला नाही. देणं काही बाकी होतं का? नाही. मृत्युपत्राला कुणी हरकत घेतली होती का? नाही. पैसे हाती कधी आले? वर्ष पुरं होण्याच्या आधी. मग वाटले का नाहीत?

काका ताठ उभे राहिले. त्यांना वाटलं, शेवटी कुणीतरी नीट विचारलं. "माझी बहीण सगळे आल्याशिवाय कधी जेवली नाही. तिचा पैसाही सगळ्यांनी एकत्र घ्यावा, ही तिची इच्छा होती."

"मृत्युपत्रात लिहिलंय?"

"लिहायची गरज नव्हती. घरात सगळ्यांना माहीत आहे."

"जो बाहेरगावी होता, त्याने थांबायला सांगितलं होतं?"

कोर्टासमोर काकांना खोटं बोलवेना, हे त्यांच्या बाजूने नोंदवायला हवं. "नाही. तो म्हणाला, थांबू नका."

बाईंनी लिहून झाल्यावर हुकूम वाचून दाखवला. पाचही रकमा पंधरा दिवसांत द्यायच्या. मृत्यूला वर्ष झालं त्या दिवसापासून पैसे हाती पडेपर्यंत व्याज. उशिराला सबळ कारण दिसत नाही, म्हणून हे व्याज एक्झिक्युटरने स्वतः भरायचं, धाकट्या बहिणीच्या वाट्याला हात लावायचा नाही. आणि तिचा वाटा लगेच हिशेबासह तिच्या हवाली करायचा.

बाहेर व्हरांड्यात काका बाकावर बसले. त्यांचा चेहरा पार उतरला होता. "सबळ कारण नाही," ते पुटपुटले. "मी तिच्यासाठी केलं गं सगळं. आणि बाई म्हणते, कारणच नाही."

सुईला त्यांची दया आली आणि आली म्हणून स्वतःचाच संताप आला. "काका, तुम्ही आत्याची वाट बघायची सवय तेवढी घेतलीत. पण ती वाट बघायची तेव्हा स्वतः उपाशी राहायची. तुम्ही आम्हाला उपाशी ठेवलंत."

पैसे आले. मुद्दल आलं, व्याज आलं. सगळं मिळून त्या बोळातली जागा आता येणार नव्हती, कारण टायरवाल्याने ती विकायला काढलीच नव्हती. आणि व्याज म्हणून जे आलं त्यात गोदामाचं चार महिन्यांचं भाडं भागलं.

महिन्याभराने ती धाकट्या आत्याला भेटायला गेली. आत्या पुन्हा तिच्या स्वतःच्या खोलीत होती. खिडकीत ऊन आलं होतं.

"भाऊ येऊन गेला," आत्या म्हणाली. "हिशेबाचे कागद आणले होते, रडलाही थोडा. तो बोलता बोलता म्हणाला, तुझी जागा गेली."

"गेली."

"त्या दिवशी सही केली असतीस तर?"

सुई खोटं बोलणार होती. मग म्हणाली, "राहिली असती."

आत्याने सुईचा हात ओढून मांडीवर घेतला, चुकांनी भोकं पडलेली बोटं एकेक करून चोळत राहिली, आणि म्हणाली, "आणि मी चार महिने तुला शिव्या देत होते गं. रोज."